आमच्या हॉटेलबद्दल फिरणाऱ्या मेसेजविषयी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेल्या गुरुवारी संध्याकाळपासून एक मेसेज फिरतो आहे. "हॉटेल सील झालं, जेवणात झुरळं निघाली, सात जण दवाखान्यात" असा त्याचा मजकूर आहे आणि सोबत दोन फोटो आहेत. फोनवर आणि काउंटरवर दिवसभर तेच प्रश्न येत आहेत, म्हणून उत्तरं एकदाच सविस्तर लिहून ठेवतो. मेसेजमधलं बरंचसं खोटं आहे, पण सगळंच नाही. जे खरं आहे तेही खाली लिहिलं आहे.

हॉटेल सील झालं होतं का?

नाही. सोमवारी दुपारचं जेवण संपल्यावर तीन वाजता आम्ही स्वतःच बंद केलं आणि बुधवारी सकाळी उघडलं. दारावर "दुरुस्तीसाठी बंद" अशी पाटी होती. कोणत्याही खात्याची नोटीस नव्हती आणि तोपर्यंत कोणी अधिकारी आलेलाही नव्हता. अधिकारी नंतर आले, मेसेज फिरल्यामुळे आले. त्याबद्दल पुढे सांगतो.

मग मागच्या बाजूला टँकर कशासाठी उभा होता?

ग्रीस ट्रॅप उपसण्यासाठी. भांडी घासलेल्या पाण्यात तेल-तूप असतं. ते थेट गटारात गेलं तर पाइपमध्ये थिजून बसतं. म्हणून मध्ये एक बंद टाकी असते. तिच्यात पाणी जरा थांबतं, तेल वर तरंगतं, खरकटं तळाशी बसतं आणि मधलं पाणी पुढे जातं. वरचा थर आणि तळाचा गाळ मिळून टाकीच्या खोलीचा चौथा हिस्सा भरला की ती उपसायची, असा या कामातला सर्वसाधारण नियम आहे. त्यापुढे गेलं की टाकी असून नसल्यासारखी होते, तेल पुढे वाहू लागतं.

टाकी उपसताना वास येतो, आणि भरपूर येतो. एरवी आम्ही हे काम पहाटे करतो. या वेळी टँकर दुपारी मिळाला, त्यामुळे रस्त्यावरच्या सगळ्यांनी तो पाहिला आणि वासही घेतला. शेजाऱ्यांना आधी सांगायला हवं होतं, ते राहून गेलं.

टाकी उपसायला दीड दिवस लागतो?

नाही, तासाभरात होते. दीड दिवस लागला तो मोरीच्या कामाला. त्याचा संबंध पहिल्या फोटोशी आहे.

पहिला फोटो, चिकट पुठ्ठ्यावर अडकलेल्या झुरळांचा, तुमच्या किचनमधला आहे का?

हो, आमचाच आहे. पुठ्ठ्याच्या कोपऱ्यात मार्करने लिहिलेला ९ हा आकडा माझ्या हातचा आहे.

हा पुठ्ठा म्हणजे ग्लू ट्रॅप. किचन, कोठीची खोली, मागचं दार आणि मोरी मिळून असे बारा पुठ्ठे आम्ही ठेवतो. प्रत्येकावर क्रमांक आणि ठेवल्याची तारीख असते. दर सोमवारी ते उचलून पाहायचे, काय सापडलं ते वहीत लिहायचं आणि नवे ठेवायचे. झुरळं संपवण्यासाठी हे पुठ्ठे नसतात, तेवढी त्यांची ताकदही नाही. कुठे काय फिरतं आहे हे कळावं म्हणून ते असतात. त्यामुळे भरलेला पुठ्ठा दिसला की किती झुरळं आहेत याआधी ती कुठल्या जागेवर आणि कोणत्या जातीची आहेत हे पाहावं लागतं.

त्या सोमवारी अकरा पुठ्ठे रिकामे होते. क्रमांक ९ वर दोन झुरळं होती. फोटो फार जवळून काढल्यामुळे ती मोठी दिसतात, असं मी म्हणणार नाही. ती खरोखरच मोठी होती.

म्हणजे तुमच्या हॉटेलात झुरळं आहेत, हे तर खरं ठरलं?

दोन सापडली, हे खरं आहे. पण "जेवणात निघाली" हे त्यातून ठरत नाही. कारण समजून घ्यायचं तर जातींमधला फरक पाहावा लागेल.

खाण्याच्या जागी त्रास देणारी झुरळं मुख्यतः दोन प्रकारची. एक लहान, साधारण दीड सेंटिमीटर लांब, फिकट तपकिरी, डोक्यामागे दोन गडद उभ्या रेघा. त्याला जर्मन झुरळ म्हणतात. ते किचनमध्येच राहतं आणि वाढतं. फ्रिजच्या मोटारीजवळची ऊब, ओट्यामागची फट, मालासोबत आलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या घड्या या त्याच्या आवडत्या जागा. मादी एका कोषात तीस-चाळीस अंडी घेऊन फिरते आणि ती फुटायची वेळ जवळ आली की कोष टाकते. असं एक पिल्लू जरी पुठ्ठ्यावर सापडलं तरी आत कुठेतरी बिऱ्हाड थाटलेलं आहे असं समजायचं.

दुसरं मोठं, चार सेंटिमीटरच्या आसपास, तांबूस तपकिरी. हे गटारातलं. ते ड्रेनेजमध्ये राहतं आणि वाट सापडली तर वर येतं. आमच्या पुठ्ठ्यावर होती ती ही दोन. दोन्ही पूर्ण वाढलेली होती. पिल्लू एकही नव्हतं आणि बाकीच्या पुठ्ठ्यांवर काही नव्हतं. याचा अर्थ ती आत वाढलेली नव्हती, बाहेरून आली होती, आणि क्रमांक ९ जवळच त्यांची वाट असणार होती.

गटारातलं झुरळ "कमी घाण" असतं असं मात्र मी अजिबात म्हणत नाही. ते जिथून येतं ते पाहता उलटच आहे. दुरुस्ती मात्र वेगळी लागते. लहान झुरळांसाठी फटी आणि खोकी शोधत बसावं लागतं, मोठ्यांसाठी त्यांची वाट बंद करावी लागते.

ती वाट कुठे सापडली?

जुन्या मोरीत. दोन वर्षांपूर्वी आम्ही भांडी घासायची जागा भिंतीच्या दुसऱ्या बाजूला नेली. जुनी मोरी तशीच राहिली आणि तिच्यावर रॅक आला. जमिनीतल्या प्रत्येक जाळीखाली पाइपला एक वाकडं वळण असतं आणि त्यात चार-पाच सेंटिमीटर पाणी कायम साचून राहतं. गटाराचा वास आणि कीटक वर येऊ नयेत म्हणून तो पाण्याचा पडदा असतो. मोरी रोज वापरात असली की तो आपोआप भरलेला राहतो. आमची वापरात नव्हती, पाणी आटलं आणि गटारापासून किचनपर्यंत रस्ता मोकळा झाला. वरची जाळीही एका बाजूने गंजली होती, बोट जाईल एवढं भोक पडलं होतं.

ही चूक आमची. वापरात नसलेली मोरी नुसती झाकायची नसते, कायमची बंद करायची असते. महिनाभर अधूनमधून त्या कोपऱ्यात वास येत होता, तेव्हाच शंका यायला हवी होती. आम्ही फिनाईल टाकत राहिलो.

सोमवारी आणि मंगळवारी तेच काम केलं. जुन्या मोरीचा पाइप कापून टोपणाने बंद केला, वर काँक्रीट भरून फरशी बसवली. फरशीचे सांधे सुकायला वेळ द्यावा लागतो, म्हणून मंगळवारचा पूर्ण दिवस गेला. चालू मोऱ्यांच्या जाळ्या बदलून बारीक छिद्रांच्या स्टीलच्या बसवल्या. कोठीच्या खोलीतल्या एका जाळीवर रोज पाणी पडत नाही, तिथे आता आठवड्यातून दोनदा बादलीभर पाणी ओतायचं असं ठरवलं आहे.

क्रमांक ९ चा पुठ्ठा त्याच जागी आहे. त्यानंतर तो दोनदा बदलला, दोन्ही वेळा रिकामा निघाला. दोन आठवडे म्हणजे फार काळ नव्हे. आणखी सहा आठवडे रिकामा राहिला की मी निश्चिंत होईन.

पेस्ट कंट्रोलचं औषध अन्नात जात नाही का?

फवारणी केली तर तो धोका असतो, म्हणून किचनमध्ये आम्ही फवारणी करत नाही. जेल वापरतो. फटींमध्ये, बिजागऱ्यांमागे, मोटारीजवळ मसुरीच्या दाण्याएवढे ठिपके लावतात. झुरळ ते खातं आणि मरतं. जेल लावलेल्या जागी वर फवारा मारला तर झुरळं तिकडे फिरकतच नाहीत आणि जेल वाया जातं. घरी हे दोन्ही एकदम करणारे बरेच असतात, म्हणून सांगितलं. ओट्यावर, भांड्यांवर किंवा अन्न ठेवायच्या फळीवर जेल लावलं जात नाही.

दुसऱ्या फोटोत ताटातच झुरळ दिसतं. त्याचं काय?

तो फोटो आमचा नाही. त्यातली प्लेट पांढरी आणि चौकोनी आहे. आमच्याकडे सगळी ताटं स्टीलची, गोल आहेत आणि पहिल्या दिवसापासून तीच आहेत. पण "आमच्याकडे अशी प्लेट नाही" एवढ्यावर कोणी विश्वास ठेवावा असा माझा आग्रह नाही. तुम्ही स्वतः तपासू शकता. फोटोवरून शोध घेण्याची सोय मोबाईलमध्ये असते. तो फोटो तिथे टाकला तर आमचं हॉटेल सुरू होण्याच्या आधीपासून इंटरनेटवर असलेली त्याची प्रत सापडते. फोटो कापून किंवा उलटा करून पाठवलेला असेल तर शोध फसू शकतो, म्हणून मेसेजमधला फोटो पूर्ण घ्या.

एक खरा आणि एक खोटा फोटो शेजारी ठेवल्यामुळे ही अफवा इतकी पसरली असं मला वाटतं. पहिला फोटो ज्यांनी ओळखला त्यांनी दुसराही खरा मानला.

सात जण दवाखान्यात होते, हे खरं का?

दवाखान्यात कोणी दाखल झालं नव्हतं. आम्हाला कळलं ते असं. शनिवारी रात्री साडेआठला पाच जणांचं एक कुटुंब जेवून गेलं. मंगळवारी त्यांच्यापैकी एकांचा फोन आला की घरात तिघांना उलट्या-जुलाब झाले, जेवणात काही होतं का बघा. बोलण्यात राग नव्हता, ते चौकशी करत होते. लहान मुलाला डॉक्टरांकडे नेलं होतं, ओआरएस देऊन घरी पाठवलं. बाकीचे दोघं घरीच बरे झाले. तिघांचे सात कुठे झाले ते मला माहीत नाही. ही माहिती त्या कुटुंबाला विचारूनच लिहितो आहे. त्यांनी तो मेसेज पाठवलेला नाही, कृपया त्यांना शोधू नका.

मग तो त्रास तुमच्या जेवणामुळे झाला नाही, हे कशावरून?

शंभर टक्के नाही असं मी म्हणू शकत नाही. तसं म्हणायला शौचाच्या नमुन्याची तपासणी लागते आणि ती झालेली नव्हती. आम्ही काय तपासलं आणि त्यातून काय दिसलं, एवढं सांगतो.

पोट बिघडलं की बहुतेक जण शेवटच्या जेवणाला दोष देतात. पण प्रत्येक जंतूला आपला वेळ लागतो. अन्नात विष आधीच तयार झालेलं असेल, म्हणजे उघड्यावर तासन्‌तास राहिलेल्या भातात होतं तसं, तर अर्ध्या तासापासून सहा तासांत उलट्या सुरू होतात. साल्मोनेलाला साधारण सहा तास ते तीन दिवस लागतात. नोरोव्हायरसला बारा ते अठ्ठेचाळीस तास. म्हणून आम्ही त्यांना एकच गोष्ट विचारली: कोणाला, कधी, काय झालं ते तासाप्रमाणे सांगाल का?

मुलाला शनिवारी रात्री सव्वादहाला पहिली उलटी झाली, जेवणानंतर पावणेदोन तासांनी. एवढ्यावर थांबलो असतो तर संशय आमच्या भातावर गेला असता, आणि तो रास्त असता. पण मुलाला दुपारपासूनच मळमळत होतं. आमच्याकडे त्याने दोन घास खाऊन ताट सरकवलं होतं. त्याच आठवड्यात त्याच्या वर्गातली आणखी दोन मुलं उलट्यांमुळे घरी होती. त्याची आई आणि आजी आजारी पडल्या सोमवारी सकाळी सहाच्या सुमारास, म्हणजे मुलाच्या उलटीनंतर बत्तीस तासांनी. रात्रभर त्याचं सगळं त्या दोघींनीच केलं होतं. माणसाकडून माणसाकडे पसरणाऱ्या नोरोव्हायरसच्या वेळापत्रकात हे नीट बसतं.

आता अडचण अशी की आमच्या जेवणापासून सोमवारी सकाळपर्यंत साडेतेहतीस तास होतात आणि तेही त्याच मर्यादेत बसतात. नुसत्या घड्याळावरून आम्ही सुटत नाही. त्यामुळे आणखी दोन गोष्टी पाहिल्या. त्या रात्री त्याच पातेल्यांतून सेहेचाळीस ताटं गेली होती. ज्यांनी टेबल राखून ठेवलं होतं त्यांचे नंबर आमच्याकडे होते. त्या एकोणीस जणांना फोन केले, त्यांच्या घरी कोणालाही त्रास झालेला नव्हता. दुसरं, त्या आठवड्यात किचनमधल्या किंवा वाढणाऱ्या कोणालाही उलटी-जुलाब नव्हते. आमच्याकडे असा त्रास झाला तर तो थांबल्यावरही अठ्ठेचाळीस तास कामावर यायचं नाही, आणि त्या दिवसांचा पगार कापला जात नाही. पगार कापला तर माणूस आजार लपवतो, हे मी दुसऱ्यांकडे नोकरी करताना पाहिलं आहे.

एक गोष्ट मात्र हातून निसटली. प्रत्येक पदार्थाचा नमुना आम्ही फ्रिजमध्ये बहात्तर तास ठेवतो. फोन आला मंगळवारी दुपारी, तोवर शनिवारच्या रात्रीचे बहात्तर तास संपायला काही तासच उरले होते. बंदच्या गडबडीत ते नमुने बाजूला काढून ठेवायचं आम्हाला सुचलं नाही आणि रात्री ते टाकले गेले. आता तक्रारीचा फोन आला की पहिलं काम नमुना उचलून वेगळा ठेवणं.

अधिकारी आले तेव्हा काय निघालं?

मेसेज फिरल्यावर पुढच्या सोमवारी अन्न तपासणी अधिकारी न सांगता आले, अडीच तास होते. झुरळं किंवा त्यांच्या खुणा सापडल्या नाहीत. पुठ्ठ्यांची वही त्यांनी पाहिली. दोन शेरे दिले आणि दोन्ही बरोबर होते.

पहिला शेरा: हात धुण्याच्या बेसिनपाशी कागदी रुमाल संपलेले होते. त्याच दिवशी ठेवले.

दुसरा शेरा जास्त महत्त्वाचा होता. दोन नंबरच्या फ्रिजवर बाहेर ४ अंश दिसत होतं, पण त्यांनी आपला थर्मामीटर दाराजवळच्या दोन डब्यांमध्ये धरला तेव्हा ६ आलं. शिजवलेलं अन्न ५ अंशांच्या आत असावं लागतं. आम्ही आकडा रोज लिहीत होतो, पण लिहीत होतो तो बाहेरचा. तो मोजणारा सेन्सर आत थंड हवेच्या झोताशेजारी असतो, म्हणून त्याला नेहमी थंडच वाटतं. दाराचं रबर एका कोपऱ्यात सैल पडलं होतं, तिथून गरम हवा आत येत होती. त्या फ्रिजमधलं दुधाचं आणि शिजवलेलं सगळं टाकून दिलं, रबर बदललं. आता सकाळ-संध्याकाळ दाराजवळच्या कप्प्यात वेगळा थर्मामीटर ठेवून मोजतो. तो थर्मामीटर बरोबर आहे का, हे बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी भरलेल्या ग्लासात तो बुडवून पाहतात. शून्य दाखवलं पाहिजे.

या शेऱ्याचा शनिवारच्या जेवणाशी संबंध असू शकतो का, असं एका गिऱ्हाइकाने विचारलं. त्या रात्रीचे पदार्थ त्याच संध्याकाळी शिजवलेले होते, त्या फ्रिजमधून आलेले नव्हते. पण प्रश्न योग्य होता.

फोटो बाहेर कोणी पाठवला? तक्रार केली का?

माहीत नाही. त्या दोन दिवसांत गवंडी, पेस्ट कंट्रोलवाले, टँकरवाले आणि आमची माणसं मिळून बरेच जण आत होते. दुसऱ्या हॉटेलवाल्याने केलं असेल असं काहीजण सुचवतात. माझ्याकडे तसा कसलाही पुरावा नाही, त्यामुळे ते बोलणं इथेच थांबावं. ताटाचा फोटो आमच्या नावावर चालवला गेल्याची लेखी तक्रार मात्र दिली आहे.

किचन आत येऊन बघता येईल का?

हो, दुपारी साडेतीन ते साडेपाच. केस झाकायची टोपी आम्ही देऊ, चपला बाहेर काढून आमच्या घालाव्या लागतील. सर्दी-खोकला किंवा पोटाचा त्रास असेल तर नंतर या. पुठ्ठ्यांची आणि तापमानाची वही काउंटरवरच आहे. जुन्या मोरीची जागा बघायची असेल तर रॅकखाली नव्या फरशीचा वेगळा रंग दिसेल, जुन्या रंगाची फरशी मिळाली नाही.

तुमच्याकडे जेवल्यावर पोट बिघडलं तर काय करायचं?

बिलावर फोन नंबर आहे, लगेच कळवा. दोन-तीन दिवस थांबू नका, नमुना टाकला जाण्याआधी कळलं तर तपासता येतं. पार्सलमधलं उरलेलं टाकून देऊ नका, झाकून फ्रिजमध्ये ठेवा आणि खाऊ नका. त्रास सुरू झाल्याची वेळ आणि त्याआधीच्या तीन दिवसांत काय काय खाल्लं ते लिहून ठेवा, आमच्याकडचं आणि बाहेरचंही. घरात आणखी कोणी आधीपासून आजारी असेल तर तेही लिहा. शौचातून रक्त, अंगात जास्त ताप, लघवी कमी होणं किंवा पाणीही पोटात न टिकणं यातलं काही असेल, किंवा आजारी माणूस लहान मूल, गरोदर बाई की म्हातारं माणूस असेल, तर आधी डॉक्टरकडे जा आणि आम्हाला नंतर फोन करा. डॉक्टरांनी नमुना तपासायला सांगितला तर तो जरूर द्या. अहवालात दोष आमचा निघाला, तरी तो आम्हाला दाखवा.